दोन वर्षांनंतरचा हप्ता

२००७ च्या उन्हाळ्यात अमेरिकेतल्या लाखो घरांत एकाच तऱ्हेचं पत्र येत होतं. घरकर्जाची वसुली पाहणाऱ्या कंपनीचं हे पत्र जेमतेम एका पानाचं असे. त्यात जुना व्याजदर, नवा व्याजदर आणि अमुक तारखेपासून भरायचा नवा हप्ता एवढाच मजकूर असे. नवा हप्ता सुरू होण्याच्या किमान पंचवीस दिवस आधी ते पाठवावं, असा तेव्हाचा नियम होता. म्हणजे ज्या कुटुंबाचा हप्ता एकदम तीस टक्क्यांनी वाढणार होता, त्याला तयारीसाठी महिनासुद्धा मिळण्याची खात्री नव्हती.

ही कर्जं धंद्यात ‘टू-ट्वेंटी-एट’ म्हणून ओळखली जात. तीस वर्षांचं कर्ज, त्यातली पहिली दोन वर्षं व्याजदर ठरलेला आणि पुढची अठ्ठावीस वर्षं तो दर सहा महिन्यांनी बदलणारा. सुरुवातीच्या या कमी दराला ‘टीझर रेट’ म्हणतात. ज्यांचं कर्जफेडीचं पूर्वचरित्र डागाळलेलं आहे किंवा ज्यांच्या उत्पन्नाचे कागद अपुरे आहेत अशा ग्राहकांना, म्हणजे सबप्राइम कर्जदारांना, २००४ ते २००६ या काळात जी घरकर्जं दिली गेली त्यांत याच प्रकाराचा भरणा होता.

‘टीझर’ म्हटल्यावर दर फार स्वस्त असेल असं वाटतं. तसं नव्हतं. २००५ च्या जुलैमध्ये चांगली पत असलेल्या अमेरिकी माणसाला तीस वर्षं न बदलणारं घरकर्ज सरासरी पावणेसहा टक्क्यांच्या आत मिळत होतं. सबप्राइम ग्राहकाचा टीझर दर सात-साडेसात टक्क्यांच्या घरात असे. पहिली दोन वर्षंसुद्धा तो शेजाऱ्यापेक्षा जास्तच व्याज भरत होता. त्याला मिळालेली सवलत होती ती फक्त त्याच्या स्वतःच्या पुढच्या दराच्या तुलनेत.

हा पुढचा दर कसा ठरायचा, ते नीट समजून घ्यायला हवं, कारण सगळी मेख तिथे आहे. त्याचे दोन भाग असत. पहिला भाग बाजाराचा दर. बहुतेक करारांत तो सहा महिन्यांचा लायबॉर, म्हणजे लंडनमधल्या मोठ्या बँका एकमेकींना ज्या दराने उसने पैसे देत तो दर, असे. दुसरा भाग म्हणजे त्यावर चढवलेलं मार्जिन, सबप्राइम कर्जांत साधारण सहा टक्के. लायबॉर रोज हलायचा, मार्जिन मात्र करारात छापलेलं आणि तीस वर्षं तेच. दोन्हींची बेरीज हा कर्जाचा खरा दर.

एक उदाहरण घेऊ. कुटुंब काल्पनिक आहे, पण अटी त्या काळच्या नेहमीच्या करारांतल्या आहेत. जुलै २००५ मध्ये एका जोडप्याने दोन लाख डॉलरचं कर्ज घेतलं. पहिली दोन वर्षं सात टक्के, नंतर लायबॉर अधिक सहा. सात टक्क्यांनी तीस वर्षांचा मासिक हप्ता होतो १,३३१ डॉलर. दोन वर्षांत त्यांनी एकूण ३१,९३४ डॉलर भरले. त्यातून मुद्दल किती कमी झालं? फक्त ४,२११ डॉलर. सुरुवातीच्या वर्षांत हप्त्याचा मोठा हिस्सा व्याजातच जातो, त्यामुळे दोन वर्षांनी त्यांच्या डोक्यावर अजून १,९५,७८९ डॉलर होते.

जुलै २००७ मध्ये लायबॉर ५.४ टक्क्यांच्या आसपास होता. त्यात सहा मिळवले की ११.४. पण करारात एक संरक्षण असतं. पहिल्या बदलात दर तीन टक्क्यांहून जास्त वाढवता येत नाही आणि त्यानंतर दर सहा महिन्यांनी एक टक्क्याहून जास्त नाही. त्यामुळे पहिली वाढ सातवरून दहावर थांबली. उरलेलं कर्ज उरलेल्या ३३६ महिन्यांत दहा टक्क्यांनी फेडायचं, तर हप्ता येतो १,७३९ डॉलर. एका महिन्यात ४०८ डॉलरची, म्हणजे जवळपास ३१ टक्क्यांची वाढ.

मर्यादेमुळे वाढ टळत नाही, ती फक्त लांबते. लायबॉर ५.४ वरच टिकला असता, तर सहा महिन्यांनी दर अकरा टक्के आणि हप्ता १,८८१ डॉलर झाला असता. आणखी सहा महिन्यांनी ११.४ टक्के आणि १,९३९ डॉलर. पहिल्या हप्त्याच्या तुलनेत ही ४६ टक्के वाढ आहे, तीही वर्षभरात तीन पायऱ्यांनी.

ही वाढ जगात व्याजदर महागल्यामुळे झाली, असं तेव्हा अनेकांनी म्हटलं, आजही म्हटलं जातं. अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हने जून २००४ पासून जून २००६ पर्यंत ओळीने सतरा वेळा दर वाढवून तो एक टक्क्यावरून सव्वापाचवर नेला, हे खरं. पण या जोडप्याचा हिशेब जुलै २००५ च्या दिवशीच करून पाहावा. त्या महिन्यात लायबॉर ३.८५ टक्क्यांच्या आसपास होता. सहा मिळवले की ९.८५. म्हणजे पुढची दोन वर्षं लायबॉर जागचा हलला नसता, तरीही त्यांचा हप्ता १,३३१ वरून १,७१७ डॉलरवर गेला असता. प्रत्यक्षातल्या पहिल्या वाढीतले चारशे आठपैकी ३८६ डॉलर सही करण्याच्या दिवशीच कागदावर होते. बाजाराने त्यात बावीस डॉलरची भर घातली.

हा आकडा सही करणाऱ्याला कोणीतरी सांगायला हवा होता. कायद्याने दिल्या जाणाऱ्या कागदांत निर्देशांक, मार्जिन आणि मर्यादा या गोष्टी लिहिलेल्या होत्या, पण गठ्ठ्यातल्या वेगवेगळ्या पानांवर. ‘आज जर दर बदलला तर तुमचा हप्ता एवढा होईल’ हे एक वाक्य ठळकपणे समोर येत नव्हतं. आणि हे जाणून घेण्यासाठी लागणारं गणित तर शाळेतल्या बेरजेचं होतं.

त्याहून गंभीर गोष्ट म्हणजे कर्ज देणाऱ्यानेही अनेकदा हे गणित केलं नाही. ग्राहकाला हप्ता झेपेल का, हे तपासताना त्याचं उत्पन्न सुरुवातीच्या हप्त्याशी ताडून पाहिलं जाई. आपल्या जोडप्याचं मासिक उत्पन्न कर कापण्याआधी ३,८०० डॉलर असेल, तर १,३३१ म्हणजे ३५ टक्के. चालण्यासारखं. १,७३९ म्हणजे ४६ टक्के आणि १,९३९ म्हणजे ५१. शिवाय अमेरिकेत घराचा मालमत्ता कर आणि विमा या मोठ्या रकमा असतात. चांगल्या पतीच्या कर्जात त्या बहुधा हप्त्याबरोबरच गोळा होतात. सबप्राइम कर्जात त्या अनेकदा बाहेर ठेवल्या जात, त्यामुळे हप्ता लहान दिसे आणि कराचं बिल वेगळं येई.

मग अशी कर्जं कोणत्या भरवशावर दिली आणि घेतली गेली? या भरवशावर, की तिसरं वर्ष उजाडणारच नाही. दोन वर्षं हप्ते वेळेवर भरायचे, तेवढ्यात पत सुधारेल, घराची किंमतही वाढेल, मग जुनं कर्ज फेडून नवं, स्वस्त कर्ज घ्यायचं. दलाल ग्राहकाला हेच सांगत आणि ते पूर्णपणे खोटंही नव्हतं. २००२-०३ च्या सुमाराला कर्ज घेतलेल्या असंख्य लोकांनी नेमकं असंच केलं. घराची किंमत दोन लाखांवरून अडीच लाखांवर गेली की दोन लाखांचं कर्ज एकदम सुरक्षित दिसू लागतं आणि पुढची कंपनी ते आनंदाने उचलते. शिवाय २००३ च्या मध्याला लायबॉर एक टक्क्याच्या आसपास होता. सहा मिळवले तरी सातच्या जवळच. तेव्हा सही करणाऱ्याला समोरची उडी दिसत नव्हती, कारण ती त्या दिवशी जवळजवळ नव्हतीच. लायबॉर वर चढत गेला आणि टीझर दर त्या प्रमाणात चढला नाही, तसतशी ही दरी रुंदावली.

मुद्रित कराराचं स्वरूप पाहिलं तर हे तीस वर्षांचं कर्ज होतं. व्यवहारात ते दोन वर्षांचं कर्ज होतं आणि दोन वर्षांनी ते पुन्हा द्यायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कर्ज देणाऱ्याच्या हाती होता. घराच्या किमती वाढल्या तर तो देणार, नाही वाढल्या तर नाही.

बाहेर पडण्याच्या दारावर टोलही होता. मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड, हे कलम सबप्राइम करारांत सर्रास असे. दंड मोजण्याची एक नेहमीची रीत होती, शिल्लक कर्जाच्या ८० टक्क्यांवर सहा महिन्यांचं व्याज. आपल्या जोडप्याच्या बाबतीत दोन वर्षांच्या शेवटी हा आकडा निघतो सुमारे ५,४८० डॉलर. दोन वर्षांत फेडलेल्या सगळ्या मुद्दलाहून तो मोठा आहे. दंडाचं कलम काही करारांत दोन वर्षांचं असे, पण काहींत तीन वर्षांचं. तीन वर्षांचं असेल तर माणूस पेचात सापडे. दर वाढला म्हणून राहणं परवडत नाही आणि दंड आहे म्हणून निघणंही परवडत नाही. हा दंड पुष्कळदा नव्या कर्जात मिळवून टाकला जाई, नव्या दलालीसकट, आणि मग दोन वर्षं हप्ते भरूनही कर्ज आधीपेक्षा मोठं होई.

अमेरिकेत घरांच्या किमतींनी २००६ च्या मध्याला शिखर गाठलं आणि त्या उतरू लागल्या. दोन लाखांचं कर्ज असलेलं घर आता एक लाख ऐंशी हजारांचं झालं, तर त्यावर नवं कर्ज कोण देणार? त्यातच कर्ज देणाऱ्या कंपन्याच बुडू लागल्या. कॅलिफोर्नियातल्या अर्व्हाइनची न्यू सेंच्युरी फायनान्शियल ही या धंद्यातली अग्रगण्य कंपनी. २ एप्रिल २००७ रोजी तिने दिवाळखोरीचा अर्ज केला. ज्या नव्या कर्जाच्या भरवशावर सगळं उभं होतं, ते मिळणंच बंद झालं.

इथे एक प्रचलित समजूत तपासून घ्यायला हवी. ‘टीझर संपला, हप्ता वाढला आणि लोकांची घरं गेली’ असा सरळ क्रम सांगितला जातो. बोस्टनच्या फेडरल रिझर्व्ह बँकेतले अर्थशास्त्रज्ञ ख्रिस्तोफर फूट, पॉल विलेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कर्जांच्या नोंदी एकेक करून तपासल्या, तेव्हा वेगळं चित्र निघालं. ज्यांची घरं जप्त झाली त्यांतल्या बहुसंख्य लोकांनी हप्ता थकवला तेव्हा ते अजून सुरुवातीचाच हप्ता भरत होते. २००६ मध्ये घेतलेल्या कर्जांत तर काही लोक पहिल्या काही महिन्यांतच थकले. एकतर सुरुवातीचा हप्ताही त्यांच्या आवाक्याबाहेर होता, किंवा नोकरी, आजार, घटस्फोट अशा धक्क्यानंतर घर विकून कर्ज फेडायची सोय उरली नव्हती, कारण घराची किंमत कर्जापेक्षा खाली गेली होती.

दुसरी गोष्ट लायबॉरची. फेडने सप्टेंबर २००७ पासून दर कापायला सुरुवात केली. जानेवारी २००८ च्या अखेरीस सहा महिन्यांचा लायबॉर तीन टक्क्यांच्या आसपास आला आणि २००९ च्या शेवटी अर्ध्या टक्क्याखाली. अर्ध्यात सहा मिळवा, साडेसहा होतात. करारात बहुधा आणखी एक अट असे, की दर सुरुवातीच्या दराखाली कधीच जाणार नाही. त्यामुळे आपलं जोडपं कसंबसं तग धरून राहिलं असतं, तर टप्प्याटप्प्याने पुन्हा सात टक्क्यांवर आलं असतं आणि तिथेच थांबलं असतं. वर जायला चार टक्क्यांहून जास्त वाव आणि खाली यायला काहीच नाही, अशी ती रचना होती. ज्यांचा दर २००७ मध्ये बदलला त्यांना पूर्ण फटका बसला, ज्यांचा २००९ मध्ये बदलला त्यांना जवळजवळ बसलाच नाही. सारखाच करार, सारखीच माणसं, फक्त सहीची तारीख वेगळी.

म्हणून हप्त्याची उडी निर्दोष ठरत नाही. उडी येणार हे ठाऊक असल्यामुळेच सगळ्यांनी नव्या कर्जावर भिस्त ठेवली, आणि ती भिस्त फक्त किमती वाढत असताना चालणारी होती. उडीने अनेकांची घरं घेतली नसतील, पण उडी टाळण्यासाठी दर दोन वर्षांनी कर्ज बदलायला लावणाऱ्या व्यवस्थेने घेतली.

नियामक जागे झाले ते उशिरा. जून २००७ मध्ये अमेरिकेच्या बँक नियामकांनी संयुक्त निवेदन काढलं. ग्राहकाची ऐपत टीझरच्या नव्हे तर निर्देशांक अधिक मार्जिन या पूर्ण दराच्या हप्त्यावर तपासावी आणि मुदतपूर्व फेडीचा दंड दर बदलण्याच्या किमान साठ दिवस आधी संपावा, असं त्यात होतं. ६ डिसेंबर २००७ रोजी राष्ट्राध्यक्ष बुश आणि अर्थमंत्री हेन्री पॉल्सन यांनी एक योजना जाहीर केली. जानेवारी २००५ ते जुलै २००७ दरम्यान घेतलेल्या आणि २००८ पासून दर बदलणार असलेल्या काही सबप्राइम कर्जांचा टीझर दर पाच वर्षं गोठवायची. ज्यांचा दर २००७ मध्येच बदलून गेला होता, ते आपल्या जोडप्यासारखे लोक या योजनेच्या चौकटीबाहेर राहिले.

पक्का कायदा २०१० च्या डॉड-फ्रँक कायद्याने आला आणि त्याखालचा ऐपत तपासण्याचा नियम जानेवारी २०१४ पासून लागू झाला. आज अमेरिकेत घरकर्ज घेणाऱ्याला जो अंदाजपत्रकाचा नमुना मिळतो, त्याच्या पहिल्याच पानावर प्रत्येक रकमेसमोर ‘ही रक्कम पुढे वाढू शकते का?’ असा रकाना असतो. दराच्या पहिल्या बदलाची सूचना नव्या हप्त्याच्या किमान २१० दिवस आधी द्यावी लागते. पंचवीस दिवसांच्या जागी सात महिने.

भारतातही या प्रकाराची एक लाट येऊन गेली. २००९ च्या सुरुवातीला मंदीच्या वातावरणात स्टेट बँकेने पहिल्या वर्षी आठ टक्क्यांचं घरकर्ज आणलं. नंतरच्या योजनांत पुढच्या दोन वर्षांसाठीही ठरलेला दर आणि मग बाजाराप्रमाणे बदलता दर, अशी मांडणी होती. इतर कर्जदात्यांनीही तसंच केलं. स्टेट बँकेचं म्हणणं होतं, की ऐपत तपासताना आम्ही पुढचा वाढीव हप्ताच धरतो. रिझर्व्ह बँकेने तरी २०१० च्या अखेरीस अशा कर्जांसाठी बँकांनी बाजूला ठेवायची तरतूद ०.४ टक्क्यावरून दोन टक्क्यांवर नेली. पाचपट तरतुदीने या कर्जातलं आकर्षण संपलं आणि २०११ मध्ये स्टेट बँकेने ती देणं थांबवलं. २०१२ मध्ये बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा दंडही रिझर्व्ह बँकेने बंद केला.

आपल्याकडे दर वाढला तरी हप्त्याची उडी फारशी दिसत नाही, कारण बँक बहुधा हप्ता तोच ठेवून मुदत वाढवते. अमेरिकेत मुदत तीस वर्षांवरच बांधलेली असते, म्हणून सगळा भार हप्त्यावर येतो. मुदत वाढली की तोच भार डोळ्याआड जातो. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रेपो दर चार टक्क्यांवरून साडेसहावर गेला, तेव्हा हे घडलं. पन्नास लाखांचं, वीस वर्षांचं कर्ज ६.७५ टक्क्यांनी घेतलं असेल तर हप्ता ३८,०१८ रुपये. वर्षभराने शिल्लक सुमारे ४८ लाख ७७ हजार. त्यावर दर ९.२५ टक्के झाला, तर एका महिन्याचं व्याजच ३७,५९८ रुपये होतं. हप्ता न वाढवता मुद्दलाला जातात जेमतेम ४२० रुपये आणि कर्ज फिटायला लागतात जवळपास ४९ वर्षं. ठरलेल्या मुदतीतच फेडायचं तर हप्ता ४५,४९८ रुपये हवा, म्हणजे २० टक्के जास्त.

ऑगस्ट २०२३ मध्ये रिझर्व्ह बँकेने याच कारणासाठी बँकांना बांधून घेतलं. दर बदलताना हप्ता वाढवायचा, मुदत वाढवायची की दोन्ही थोडं थोडं, हे ग्राहकाला विचारावं, स्थिर दराकडे वळायची आणि काही रक्कम आगाऊ भरायची मुभा द्यावी. वाढलेल्या मुदतीतला हप्ता त्या महिन्याच्या व्याजाहून कमी पडून कर्ज उलट वाढत जाणार नाही, याची जबाबदारीही बँकेवर टाकली. शिवाय दर तिमाहीला ग्राहकाला विवरण द्यायचं. त्यात आजवर भरलेलं मुद्दल व व्याज, हप्ता, राहिलेले हप्ते आणि वार्षिक दर हे आकडे हवेत. वरच्या उदाहरणातल्या कर्जदाराने त्या विवरणातला राहिलेल्या हप्त्यांचा रकाना पाहिला, तर २२८ च्या जागी त्याला ५८७ हा आकडा दिसेल.